ठरवलेला भाव लिहायला एक रकाना द्या!

डोकं फिरलंय माझं. पाच महिन्यांचे बँक निफ्टी ऑप्शनचे 130 सौदे रात्र रात्र बसून तपासतोय, आणि ज्या जर्नल ॲपला पैसे मोजलेत ते ठणकावून सांगतं की स्लिपेज, म्हणजे ठरवलेल्या आणि मिळालेल्या भावातला फरक, शून्य. शून्य! कारण ब्रोकरची ट्रेडबुक आत घेताना ते ऑर्डर ज्या भावाला भरली तोच भाव 'एंट्री' म्हणून टाकतं. मला कुठल्या भावाला घ्यायचं होतं, हे लिहायला जागाच नाही. त्याच आकड्यातून तोच आकडा वजा केल्यावर दुसरं काय येणार?

बरं, ब्रोकरकडून काढावं म्हटलं तर तिथेही बोंब. माझ्या ॲपमधली ऑर्डरबुक दुसऱ्या दिवशी कोरी. ट्रिगर काय लावला होता, लिमिट काय होती, सगळं गायब. मागे राहते ती ट्रेडबुक, आणि तिच्यात फक्त झालेला भाव. कॉन्ट्रॅक्ट नोटचंही तेच. मग लोक चार्ट उघडून मागाहून 'ठरवलेला भाव' शोधतात. अरे, चार्टवर शेवटचा सौदा दिसतो! त्या क्षणी घेणारा कितीला होता आणि विकणारा कितीला, हे त्या कँडलमध्ये कुठून सापडणार?

म्हणून मी वही घातली. बटण दाबायच्या आधी बिड आणि आस्क लिहायचं, त्यांचा मध्य हा माझा ठरवलेला भाव. एक सौदा बघा. कॉलचं बिड 411.60, आस्क 412.80, मध्य 412.20. घेतले 60, म्हणजे तेव्हाचे दोन लॉट. 30 मिळाले 412.80 ला, उरलेले 30 मिळाले 413.60 ला. सरासरी 413.20, म्हणजे घेतानाच एक पॉइंट गेला. स्टॉपलॉसचा ट्रिगर 392, भरला 389.50 ला. तिथे अडीच. साडेतीन पॉइंट गुणिले 60, 210 रुपये. ब्रोकरेज आणि कर अजून धरलेलेच नाहीत.

आणि आता ज्या गोष्टीचा सगळ्यात संताप आहे ती. इंटरनेटवरून उतरवलेली एक्सेलची तयार फाइल प्रत्येक ओळीत 'झालेला वजा ठरवलेला' करते. घेताना महाग मिळालं की आकडा अधिक, विकताना स्वस्तात गेलं की उणे. दोन्हीकडे खिसा माझाच कापला जातो, पण बेरजेत ते एकमेकांना खाऊन टाकतात! माझ्या 130 एंट्रींत सरासरी 0.95 गेले. 70 स्टॉपलॉसमध्ये सरासरी 2.10. टार्गेटच्या 60 लिमिट ऑर्डरी ठरल्या भावालाच भरल्या. त्या फाइलने 260 ऑर्डरींची सरासरी काढली उणे 0.09. म्हणजे वाचणाऱ्याला वाटावं, काही गेलंच नाही. विक्रीच्या ओळीत वजाबाकी उलटी केली, 'ठरवलेला वजा झालेला', तेव्हा खरं बाहेर आलं: एकूण 270.5 पॉइंट, सौद्यामागे 2.08. साठच्या हिशेबाने 16,230 रुपये. बॅकटेस्टमध्ये सौद्यामागे सरासरी 3 पॉइंट नफा दिसत होता. त्यातले दोन तृतीयांश इथेच संपले!

त्यातही एक ओळ मला आधी सापडलीच नव्हती. ट्रिगर लागताच बाजारभावाला सुटणारी एसएल-एम ऑर्डर ऑप्शनमध्ये एनएसईने 2021 मध्येच बंद केली, तेव्हापासून ट्रिगरबरोबर लिमिट द्यावीच लागते. एके दिवशी ट्रिगर 392, लिमिट 388. भाव एका दमात 388 च्या खाली गेला आणि ऑर्डर तशीच लटकत राहिली. शेवटी हाताने 371 ला बाहेर पडलो. त्या फाइलमध्ये ही विक्री आधी वेगळी ऑर्डर म्हणून चढली होती, ठरवलेला भाव 371.50, स्लिपेज अर्धा पॉइंट. अर्धा? मला 392 ला बाहेर पडायचं होतं! गेले 21. ट्रिगर लावला तोच ठरवलेला भाव, मग शेवटी सौदा कुठल्याही ऑर्डरने सुटो. वरचे सगळे आकडे ही ओळ दुरुस्त करूनच काढलेत: सत्तर स्टॉपलॉसमध्ये मिळून जे 147 पॉइंट गेले, त्यातले 21 या एकट्या ओळीचे आहेत. वीस-पंचवीस नोंदींवर सरासरी काढून खूश होणाऱ्यांना असा दिवस कदाचित दिसणारही नाही.

आणि टार्गेटच्या त्या 60 ऑर्डरींचं शून्यही मला पुरतं पटत नाही. ज्या दिवशी भाव टार्गेटला जेमतेम शिवून परतला आणि ऑर्डर भरलीच नाही, तो सौदा पुढे स्टॉपलॉसवर गेला. तिथलं नुकसान कुठल्याच रकान्यात नाही. असे सौदे किती होते ते मी आता मोजू शकत नाही, कारण न भरलेल्या ऑर्डरी ट्रेडबुकमध्ये येतच नाहीत आणि तेव्हा मी त्या वहीतही लिहिल्या नव्हत्या. सोमवारपासून लिहितोय, आणि रोज साडेतीनला ऑर्डरबुकचा स्क्रीनशॉट काढून ठेवतोय. जे काम एका रकान्याचं आहे, त्यासाठी रोज वीस मिनिटं घालवावी लागतात!