चुकीच्या खात्यात गेलेले पैसे: ‘४८ तासांच्या नियमा’ला उत्तर

“चुकून दुसऱ्याच्या खात्यात पैसे गेले? घाबरू नका! आरबीआयचा नियम आहे, ४८ तासांत बँकेला पैसे परत द्यावेच लागतात. नाव आणि खाते नंबर जुळत नसताना जमा केले तर चूक बँकेची. फक्त आपल्या बँकेत तक्रार टाका, समोरची बँक रक्कम ब्लॉक करून परत पाठवते, त्या माणसाला विचारायची गरज नाही. उशीर झाला तर रोज १०० रुपये भरपाई. तरी ऐकलं नाही तर १९३० ला फोन लावा. पुढे पाठवा, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.”

या मेसेजमधला जवळजवळ प्रत्येक तुकडा कुठल्या तरी खऱ्या नियमातून उचललेला आहे, म्हणून तो पटतो. गोंधळ एवढाच की ते नियम दुसऱ्याच प्रसंगांचे आहेत. एक उदाहरण घेऊन बघू. समजा, घरमालकाला अनामत म्हणून ४५,००० रुपये एनईएफटीने पाठवायचे होते. खाते क्रमांकाचे शेवटचे आकडे ४७१९ होते, घाईत ४१७९ टाकले गेले. आयएफएससी बरोबर, नाव बरोबर, आकड्यांची फक्त अदलाबदल झाली.

४८ तासांचं काय?

४१७९ वाला नंबर त्या बँकेत कुणाचाच नसेल, किंवा ते खातं बंद झालेलं असेल, तर काळजीचं कारण नाही. एनईएफटीच्या बॅचेस दर अर्ध्या तासाने चालतात. ज्या बॅचमध्ये पैसे गेले ती पूर्ण झाल्यापासून दोन तासांत समोरच्या बँकेने रक्कम जमा तरी करायची, नाहीतर परत तरी पाठवायची. उशीर केला तर त्या बँकेला रेपो दरावर दोन टक्के जादा धरून व्याज द्यावं लागतं. यासाठी शाखेत जायचीही गरज पडत नाही. स्टेटमेंटमध्ये ‘रिटर्न’ अशी उलटी नोंद आपोआप दिसते. काही बँकांच्या खाते क्रमांकात एक आकडा तपासणीसाठीच ठेवलेला असतो, त्यामुळे आकडे उलटसुलट झाले की नंबर अवैध ठरतो आणि माणूस वाचतो.

पण तो नंबर कुणाचा तरी निघाला आणि पैसे जमा झाले, की बँकांच्या दृष्टीने व्यवहार यशस्वी झाला. त्यानंतर पैसे परत येण्यासाठी ४८ तासांची किंवा सात दिवसांची अशी पक्की मुदत रिझर्व्ह बँकेने घातलेली नाही. पैसे दोन दिवसांत परत आलेले लोक आहेत, पण ते समोरच्या माणसाने लगेच होकार दिला म्हणून.

नाव जुळलं नाही, मग बँकेची चूक कशी नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्यातला राग मला समजतो. पण १४ ऑक्टोबर २०१० च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने हे स्पष्ट केलंय की ऑनलाइन आलेली रक्कम फक्त खाते क्रमांक पाहून जमा केली जाऊ शकते. आकडे बरोबर टाकायची जबाबदारी पाठवणाऱ्याची, आणि ही गोष्ट पाठवणाऱ्याच्या नजरेस आणून द्यायची जबाबदारी त्याच्या बँकेची. नेट बँकिंगमध्ये आपण न वाचता ज्या चौकोनात टिक करतो, तिथे हेच लिहिलेलं असतं. नावं एकसारखी लिहिली जात नाहीत. कुणी आडनाव आधी लिहितं, कुणी वडिलांचं नाव गाळतं. अक्षरशः जुळवत बसलं तर निम्मे व्यवहार अडकतील.

आयएफएससी बरोबर होता म्हणूनही फरक पडत नाही. त्यातली पहिली चार अक्षरं बँक सांगतात आणि शेवटची सहा शाखा. खातं कुणाचं, हे त्यात नसतं.

इथे एक बदल मात्र झालाय, आणि फॉरवर्ड करणाऱ्यांनी खरं तर तोच सांगायला हवा होता. एनईएफटी आणि आरटीजीएसने पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत सुरू करा, असा आदेश रिझर्व्ह बँकेने बँकांना दिला होता. खाते क्रमांक आणि आयएफएससी टाकला की समोरच्या बँकेच्या दप्तरी असलेलं नाव स्क्रीनवर येतं, त्यासाठी वेगळं शुल्क लागत नाही. आपल्या उदाहरणात त्या जागी घरमालकाऐवजी भलतंच नाव दिसलं असतं. पण नाव दिसूनही ‘पुढे’ दाबलं, तर जबाबदारी पाठवणाऱ्याचीच राहते.

समोरच्याला विचारायची गरज का पडते?

पैसे ज्याच्या खात्यात जमा झाले तोही त्या बँकेचा ग्राहकच. त्याच्या परवानगीशिवाय किंवा न्यायालयासारख्या सक्षम यंत्रणेच्या आदेशाशिवाय त्याच्या खात्यातून रक्कम काढून द्यायची बँकेला मुभा नाही. उद्या कुणीही उठून ‘ते पैसे माझे, चुकून गेले’ म्हणेल आणि बँक तुमच्या खात्यातून परस्पर वळते करेल, हे तुम्हाला चालेल का?

म्हणून प्रत्यक्षात घडतं ते असं. तुम्ही आपल्या बँकेत लेखी तक्रार देता. तुमची बँक यूटीआर क्रमांकासह, म्हणजे त्या व्यवहाराच्या ओळख क्रमांकासह, समोरच्या बँकेला विनंती पाठवते. एनईएफटीचा यूटीआर १६ अक्षरी असतो, आयएमपीएस किंवा यूपीआयला १२ आकडी संदर्भ क्रमांक असतो. दोन्ही स्टेटमेंटमध्ये सापडतात. समोरची बँक रक्कम जमा झाली का ते पाहते, खातेदाराला फोन करते आणि रक्कम परत करण्याची लेखी संमती मागते. संमती आली की पैसे तुमच्या बँकेमार्फत तुमच्या खात्यात येतात. काही बँका तोवर तेवढ्या रकमेवर तात्पुरता होल्ड लावतात, पण त्यावर तुमचा हक्क नाही. तक्रारीत तशी विनंती जरूर करा, आणि तीही त्याच दिवशी, कारण खात्यात शिल्लकच उरली नाही तर होल्ड लावायचा कशावर?

दोन्ही खाती एकाच बँकेत असतील तर हे काम पुष्कळ सोपं होतं, शाखेतून शाखेत फोन जातो. बँका वेगळ्या असतील तर पत्र मध्येच कुठेतरी पडून राहतं. म्हणून तक्रारीची एक प्रत समोरच्या बँकेच्या शाखेतही द्या. शाखेचा पत्ता आयएफएससीवरून मिळतो. तिथे खातेदाराचं नाव किंवा मोबाइल नंबर मागू नका. गोपनीयतेमुळे तो देता येत नाही, आणि त्यावर वाद घालण्यात तास जातो. त्याऐवजी दोनच गोष्टी लेखी विचारा: खातेदाराशी संपर्क झाला का, आणि त्याने काय उत्तर दिलं.

अडतं ते बहुतेक वेळा संमतीपाशी. खातेदाराचा मोबाइल नंबर जुना असतो. खातं वापरात नसतं, किंवा खातेदार हयात नसतो आणि संमती द्यायला कुणीच नसतं. त्याहून वाईट म्हणजे त्या खात्याला थकलेल्या कर्जाचा हप्ता जोडलेला असतो आणि तुमचे ४५,००० जमा होताच हप्त्यापोटी कापले जातात. आणि एक कारण अलीकडचं आहे. ‘चुकून तुमच्याकडे पैसे आलेत, परत पाठवा’ ही ठगांची नेहमीची थाप झाल्यामुळे सरळमार्गी माणूससुद्धा असा फोन आला की कापतो. त्यात त्याचं चुकतं असं मला वाटत नाही. तुमच्या खात्यात असे पैसे आले तर तुम्हीही परस्पर कुणाला पाठवू नका, आपल्या शाखेत कळवा आणि बँकेमार्फतच परत करा.

रोजचे १०० रुपये

रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक खरं आहे. पण ते फसलेल्या व्यवहारांबद्दल आहे. आयएमपीएस किंवा यूपीआयमध्ये तुमच्या खात्यातून पैसे कापले गेले, समोर पोचलेच नाहीत आणि ठरलेल्या वेळेत परतही आले नाहीत, तेव्हा ही भरपाई लागू होते. आपल्या उदाहरणात पैसे पोचलेत, नको तिथे पोचलेत एवढंच.

आणि १९३०?

ती सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे. तुम्हाला कुणी गंडवलं असेल तर पहिला फोन तिथेच करा. पण स्वतः आकडे चुकवून ‘फसवणूक झाली’ अशी तक्रार नोंदवली, तर तुम्ही पोलिसांना खोटी माहिती देत आहात. वर, ज्याच्या होकारावर सगळं अवलंबून आहे त्याचंच खातं गोठवलं गेलं, तर तो तुमच्याशी बोलेल कशाला?

मग समोरचा ‘नाही’ म्हणाला तर?

मेसेजमध्ये हे नाहीच. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७२ नुसार चुकून मिळालेले पैसे परत करणं त्या माणसावर बंधनकारक आहे. म्हणजे तुमचा दावा त्या व्यक्तीवर चालतो, बँकेवर नाही. वकिलामार्फत नोटीस द्यायची तर नाव-पत्ता हवा, आणि तो बँक न्यायालयाच्या आदेशावर किंवा पोलिसांनी तपासासाठी मागितल्यावरच देते. पैसे आपले नाहीत हे कळूनही कुणी ते वापरले, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४, म्हणजे अप्रामाणिकपणे मालमत्तेचा अपहार, लागू होऊ शकतं. त्यात किमान सहा महिने आणि कमाल दोन वर्षं कैद, शिवाय दंड आहे. मात्र यात अप्रामाणिक हेतू दाखवावा लागतो. पगाराच्या दिवशी आलेले पैसे आपलेच समजून खर्च केले, हा गुन्हा ठरणं कठीण. बँकेने लेखी कळवल्यानंतरही दाबून ठेवले, तर बाजू पालटते. म्हणून समोरच्या बँकेने खातेदाराला कधी आणि कसं कळवलं, याची नोंद आपल्या तक्रारीच्या उत्तरात लेखी मागून घ्या.

रिझर्व्ह बँकेचा लोकपाल समोरच्या खातेदाराकडून पैसे काढून देत नाही. पण तुमच्या बँकेने तक्रार पुढे पाठवलीच नाही, किंवा ३० दिवसांत उत्तरच दिलं नाही, तर ती सेवेतली त्रुटी ठरते आणि त्यासाठी तक्रार cms.rbi.org.in वर करता येते. तिथे बँकेच्या पोचपावतीचा क्रमांक आणि तारीख लागते, त्यामुळे शाखेतून निघताना अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. साहेबांच्या तोंडी ‘बघतो’ची पोचपावती होत नाही. दिवाणी दाव्याची मुदत तीन वर्षांची असते, आणि ती चूक लक्षात आली त्या दिवसापासून किंवा थोडी काळजी घेतली असती तर जेव्हा लक्षात आली असती त्या दिवसापासून मोजली जाते.