पैठणीच्या फोटोखाली काय लिहावे?

ऑनलाइन बाजारात पैठणी विकणाऱ्यांचे वर्णन वाचताना मला एक गोष्ट सारखी खटकते. ‘अस्सल पैठणी, शुद्ध सिल्क, राजेशाही थाट’ एवढे लिहून विक्रेता मोकळा होतो, आणि यंत्रमागावर निघालेल्या पॉलिएस्टरच्या साडीखालीही नेमके हेच शब्द असतात. मोबाइलवर वर्णनाच्या पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, त्यामुळे त्या जागेत थाट न लिहिता धागा, जर आणि विणकाम लिहावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वांत जास्त घोळ ‘हातमाग’ या शब्दाभोवती आहे. पारंपरिक पैठणीच्या पदरावर नक्षीतल्या प्रत्येक रंगासाठी वेगळी छोटी कांडी असते. विणकर तो रंग जिथे हवा तिथेच आडवा फिरवतो आणि शेजारच्या धाग्यात अडकवून परत आणतो. त्यामुळे मोर, मुनिया किंवा असावलीची वेल पदराच्या दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी दिसते आणि मागे लोंबणारे धागे राहत नाहीत. जॅकार्डवर, म्हणजे नक्षीप्रमाणे उभे धागे उचलून देणाऱ्या मागावरच्या यंत्रणेवर, विणलेल्या नक्षीत मात्र न लागणारा धागा मागच्या बाजूने पुढे जातो, म्हणून उलट्या बाजूला तरंगते किंवा कापलेले धागे दिसतात. याच खुणेवरून अनेक जण ‘मागे धागे दिसले म्हणजे यंत्रमाग’ असा निष्कर्ष काढतात, आणि तो चुकीचा आहे. जॅकार्ड हातमागावरही बसवता येते. येवल्यात पदर हाताने आणि काठ जॅकार्डने, अशा ब्रोकेड पैठण्या हातमागावरच विणल्या जातात. तशी साडी असेल तर तसेच लिहावे. अर्धे काम जॅकार्डचे आहे हे सांगण्यात कमीपणा कसला? ते लपवले, तर मात्र काठाची मागची बाजू पाहून ग्राहकाचा पदरावरचाही विश्वास उडतो.

दुसरा मुद्दा जरीचा, कारण साडीची निगा बरीचशी तिच्यावरच ठरते. खऱ्या जरीत रेशमी धाग्यावर चांदीची तार गुंडाळून तिला सोन्याचा मुलामा दिलेला असतो. टेस्टेड जरीत तार तांब्याची असते आणि चांदीचा थर फक्त वरून असतो. अत्तर, घाम आणि दमट हवा यांनी ती लवकर काळवंडते. प्लॅस्टिकची जर काळी पडत नाही, पण गरम इस्त्रीने आकसते. म्हणजे ‘फक्त ड्रायक्लीन’ ही एकच ओळ तिन्हींना पुरत नाही.

शिक्क्यांबद्दलही नेमके बोलायला हवे. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने 2004 मध्ये सुरू झालेला सिल्क मार्क रेशमाच्या शुद्धतेची हमी देतो. साडी कोणत्या मागावर विणली, हे तो सांगत नाही. 2006 चा हँडलूम मार्क हातमागाची खात्री देतो, परंतु धागा रेशमीच आहे असे त्यावरून ठरत नाही. एक शिक्का दाखवून दोन्ही दावे करणारे विक्रेते पुष्कळ आहेत. (त्यातले काही अजाणतेपणी करतात, हेही मान्य.)

समजा, येवल्याची ब्रोकेड काठाची, टेस्टेड जरीची एक पैठणी विकायची आहे. मी तिच्याखाली असे लिहीन:

‘येवल्याची हातमाग पैठणी. उभा धागा जांभळा, आडवा लाल. दोन्ही शुद्ध रेशीम. मोराचा पदर कांड्यांवर हाताने विणलेला, काठ जॅकार्डचा. टेस्टेड जर. सिल्क मार्क व हँडलूम मार्क, दोन्ही लेबले फोटोत. ड्रायक्लीन करावी, जरीवर अत्तर मारू नये, सुती कापडात गुंडाळून ठेवावी व घडी अधूनमधून बदलावी.’

एवढ्या मजकुरात एकही स्तुतीचा शब्द नाही आणि तो पडद्यावर सहज मावतो. उभ्या-आडव्या धाग्याचे रंग मुद्दाम वेगवेगळे दिले आहेत, कारण धूपछाँव साडी एका फोटोत जांभळी आणि दुसऱ्यात लालसर दिसते, आणि ‘रंग वेगळा आला’ अशी तक्रार करून ती परत पाठवली जाते. घडी बदलण्याची सूचनाही उगाच नाही. वर्षानुवर्षे एकाच घडीवर राहिलेली जर आणि रेशीम तिथेच विरते.

फोटोंच्या बाबतीत माझा आग्रह एकच आहे. मॉडेलचे चार फोटो असतील तर त्यातला एक कमी करावा आणि त्या जागी पदर व काठ यांच्या उलट्या बाजूचा, दिवसाच्या उजेडातला, जवळून घेतलेला फोटो टाकावा. मग ‘पदर हाताने, काठ जॅकार्डचा’ हे शब्द खरे आहेत की नाहीत, ते ग्राहकाला घरबसल्या पडताळून पाहता येते.