इअरबड्सवर ‘लेट’, टॅबलेटवर ‘अर्ली’: रिव्ह्यूला आमचं उत्तर

★★ “गाणी मस्त आहेत, पण ब्लूटूथ इअरबड्स लावले की सगळे टॅप ‘लेट’. कॅलिब्रेशन केलं तर दर वेळी वेगळाच आकडा. करूनही टॅपचा आवाज मागूनच येतो. एकदा २३० आला तो टॅबलेटच्या स्पीकरवर टाकून पाहिला, तर सगळं ‘अर्ली’. वायरवर ठीक चालतं. पैसे वाया.”

नमस्कार. आमच्या तालावर टॅप करायच्या गेमबद्दल तुम्ही आकड्यासकट लिहिलंत, त्यामुळे उत्तर नेमकं देता येतं.

तो २३० म्हणजे कॅलिब्रेशनमध्ये गेमने मोजलेला उशीर, मिलिसेकंदांत, आणि त्यात दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत: गेमने सोडलेला आवाज कानापर्यंत पोचायला लागणारा वेळ आणि बोट टेकल्यापासून ते गेमला कळेपर्यंतचा वेळ. ब्लूटूथमध्ये पहिला भाग मोठा असतो. फोन आवाज दाबून त्याची पाकिटं करतो, इअरबड्स ती साठवून, उलगडून वाजवतात. या सगळ्यात दीड-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. १५० बीपीएमच्या गाण्यात सोळांश मात्रा १०० मिलिसेकंदांची, म्हणजे तुम्ही तब्बल दीड-दोन सोळांश मात्रा मागे ऐकत असता.

आता तुमचा टॅबलेट. समजा त्याच्या स्पीकरवर खरा आकडा ९० आहे. गेम प्रत्येक टॅपमधून २३० वजा करतो, तेव्हा अगदी तालात मारलेला टॅपही १४० ने आधी पडल्यासारखा दिसतो. म्हणून ‘अर्ली’. हा आकडा फोनचा नसतो, फोन आणि त्याला लावलेलं ऐकायचं साधन या जोडीचा असतो. इअरबड्स बदलले तरी तो नव्याने काढावा लागतो.

दर वेळी वेगळा आकडा येण्याचं कारण बहुधा टॅपचा आवाज चालू राहिला हे असावं. कॅलिब्रेशन करताना स्वतःचा टॅप उशिरा ऐकू आला की हात नकळत घाई करतो, आपला ठोका मेट्रोनोमवर बसवायला बघतो, आणि आकडा खरा असायला हवा त्यापेक्षा कमी येतो. घाई दर वेळी सारखी नसते, म्हणून आकडाही हलतो. सेटिंग्जमध्ये टॅपचा आवाज बंद करा, इअरबड्स डबीतून काढल्याकाढल्या नको, थोडा वेळ गाणं वाजू द्या, बॅटरी सेव्हर बंद ठेवा, आणि मग दोन्ही चाचण्या करा. पहिली फक्त कानाने: स्क्रीनकडे न बघता ठोक्यावर टॅप. दुसरी फक्त डोळ्याने: आवाज बंद, खाली येणारी नोट रेषेला लागली की टॅप. बरेच जण दुसरी गाळतात.

ती का हवी, ते तुमच्याच आकड्यावर बघू. कानाची चाचणी २३०, डोळ्याची समजा ७०. बोटाचा वेळ दोन्हीत सारखाच, त्यामुळे वजाबाकीत तो उडतो आणि उरलेले १६० म्हणजे आवाज चित्राच्या किती मागे आहे ते. गेम मग नोटा १६० उशिरा दाखवतो आणि टॅप मोजताना २३० वजा करतो. एकच आकडा टाकला तर निकाल बरोबर येतो, पण डोळ्यांना एक दिसतं, कानाला दुसरं ऐकू येतं, आणि खेळताना ठेच लागत राहते.

टॅपचा आवाज मात्र कोणत्याही कॅलिब्रेशनने पुढे आणता येत नाही. गाणं आधीच तयार असतं, म्हणून त्याच्याशी चित्र जुळवता येतं. तुम्ही बोट कधी टेकवणार हे गेमला आधी ठाऊक नसतं. बोट लागलं की ते कळायचा वेळ अधिक आवाज पोचायचा वेळ, म्हणजे पुन्हा तेच २३०. काही गेम टॅपचे आवाज गाण्यातच मिसळून देतात. तुम्ही चुकलात तरी ठोका बरोबरच वाजतो. आम्हाला ते पटत नाही. त्यामुळे ब्लूटूथवर टॅपचा आवाज बंद ठेवा. तो हवाच असेल तर वायर लावा, दुसरा उपाय नाही.

हे करून एक गाणं खेळा आणि निकालाच्या पानावरचा आलेख बघा. सगळे ठिपके एका बाजूला, पण दाटीने असतील तर आकडा चुकलाय, तेवढाच सरकवा. हात तालात असूनही ठिपके दोन्हीकडे विखुरलेले असतील तर उशीर स्थिर नाही, आणि स्थिर नसलेला उशीर कोणताही एक आकडा भरून काढू शकत नाही. गर्दीच्या जागी ब्लूटूथवर असं होतं. तसा पसारा वायरवरही दिसला तर फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती आणि त्या आलेखाचा स्क्रीनशॉट सेटिंग्जमधल्या ‘मदत’मधून पाठवा, तो आम्ही तपासू.