शुक्रवारपर्यंत थांबतो तो कसला ट्रेडर!

तुम्ही स्विंग ट्रेडर आहात. म्हणजे घेतलेला शेअर काही आठवडे, जमलं तर दोन-तीन महिने सांभाळायचा, असं तुमचं तुम्हीच ठरवलेलं आहे. उत्तम. आता सगळ्यात आधी चार्ट पाच मिनिटांवर आणा. आठवड्याच्या चार्टवर वर्षाला उण्यापुऱ्या 52 कॅन्डल. एवढ्यात कुणाचं भागतं? पाच मिनिटांच्या चार्टवर सव्वानऊ ते साडेतीन रोज 75 मिळतात, आणि प्रत्येक कॅन्डलला काही ना काही सांगायचं असतं. सव्वाअकराची कॅन्डल अकराच्या कॅन्डलला खोटं पाडते, हे खरं. पण घरातली माणसं तरी कुठे एकमेकांशी सहमत असतात?

तरीही आठवड्याचा चार्ट पाहायची हौस असेल, तर मंगळवारी पाहा. RSI 60 च्या वर गेलेला दिसेल. लगेच घ्या. आठवडा संपायचा आहे, चालू कॅन्डलचा ‘क्लोज’ म्हणजे फक्त या क्षणाचा भाव आहे आणि RSI त्याच उसन्या भावावर काढलेला आहे, असल्या शंका घेऊ नका. शुक्रवारी भाव उतरून RSI 57 वर आला, तर मंगळवारचा सिग्नल चार्टवरून पुसला जाईल, जणू कधी आलाच नव्हता. तुमच्या डिमॅट खात्यात मात्र तो राहील. जुने चार्ट इतके स्वच्छ आणि सोपे का दिसतात, याचं गुपितही हेच. त्यांच्यावर फक्त पूर्ण झालेल्या कॅन्डल उरलेल्या असतात. महिन्याच्या चार्टवर ही मजा आणखी वाढते. दोन तारखेला तिथे दोन दिवसांची ‘मासिक’ कॅन्डल उभी असते आणि तिच्याकडे बघून लोक वर्षाचे अंदाज बांधतात. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, पण बाशिंग वेळेवर तरी तयार असतं की नाही?

माझंच उदाहरण घ्या. 31 मे 2024, शुक्रवार, निफ्टी 22,530 वर बंद. मी निफ्टीचा ईटीएफ घेतला. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनीही घेतला. दोघांची पातळी एकच ठरली: 13 मेचा तळ, 21,821. फरक एवढाच की मी भाव तिथे शिवला की विकणार होतो आणि काका आठवडा त्याखाली बंद झाला तरच. बँकेतून निवृत्त झालेला माणूस. कशालाही वीकएंडपर्यंत थांबायची सवय.

सोमवारी एक्झिट पोलच्या आनंदात बाजार 23,337 वर उघडला. मंगळवारी, 4 जूनला, निकाल लागला. दुपारपर्यंत निफ्टी 21,281 पर्यंत घसरला. मी अर्थातच शिस्तीचा माणूस, पातळी तुटल्याबरोबर विकून मोकळा झालो. त्या दिवशीची घसरण जवळपास सहा टक्के, चार वर्षांतली सर्वांत मोठी. काकांच्या दारावर थाप मारली, तर ते म्हणाले, “आज मंगळवार आहे ना?” मला त्यांची कीव आली.

गंमत म्हणजे तो दिवससुद्धा 21,884 वर बंद झाला. पातळी दिवसाच्या बंद भावानेही तुटली नव्हती, फक्त माझी तुटली होती. शुक्रवारी, 7 जूनला, निफ्टी 23,290. आठवड्याची कॅन्डल पाहिलीत तर चिमूटभर शरीर आणि खाली दोन हजार अंकांची शेपूट. रंग तांबडा, कारण सोमवारी बाजार उघडलाच होता फार वर. मागच्या शुक्रवारच्या तुलनेत मात्र आठवडा 759 अंकांनी वर होता. म्हणजे रंगावरही विसंबू नका. मी विसंबलो आणि “बघा, कॅन्डल लालच आहे” असं काकांना ऐकवलं. काका मागच्या बंद भावाशी ताडून बघत होते. महिना संपला 24,010 वर. मासिक चार्टवर तो मंगळवार म्हणजे हिरव्या कॅन्डलखालची एक रेघ. माझं अख्खं आयुष्य त्या रेघेत गेलं.

तुम्हालाही काकांसारखं थांबायचं असेल, तर एक युक्ती सांगतो, म्हणजे थांबताच येणार नाही. उधारीवर घ्या. निफ्टी फ्यूचरचा लॉट त्या वेळी 25 चा होता. सोमवारच्या बंद भावापासून मंगळवारच्या तळापर्यंत साधारण 1,980 अंक, म्हणजे एका लॉटमागे 49 हजारांच्या वर रुपये. नियम तुमचा शुक्रवारचा असेल, पण मार्जिन मागणाऱ्या ब्रोकरला शुक्रवार ठाऊक नसतो. काकांनी पूर्ण पैसे भरून घेतलं होतं, तेही बेतानं. पातळी तीन टक्क्यांवर असली तरी आठवड्याच्या मध्यात भाव आठ टक्के खाली जाईल असं धरून त्यांनी हिशेब केला. दहा हजारांपेक्षा जास्त गमवायचे नाहीत, म्हणून खरेदी सव्वा लाखाचीच. तुम्ही मात्र स्टॉपलॉस तीन टक्क्यांचाच धरा, म्हणजे त्याच दहा हजारांत सव्वातीन लाखांचा माल येतो. मग मंगळवारी फोन आपोआप हातात येईल.

कुणी कॅन्डल बंद होण्याची फारच तरफदारी केली, तर त्याला 2020 ऐकवा. फेब्रुवारी 11,201 वर बंद झाला आणि महिन्याच्या कॅन्डलवाल्यांचा पुढचा निर्णय 31 मार्चला आला, 8,597 वर. हा मुद्दा मी काकांपुढे टाकला तेव्हा ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, “म्हणून मी महिन्यावर फक्त दिशा बघतो, बाहेर पडतो आठवड्यावर.” मार्चचा पहिला शुक्रवार 10,989 वर बंद झाला, दुसरा 9,955 वर. शिवाय फार खाली एक साधा, भाव शिवला की विकणारा स्टॉपलॉसही ते टाकून ठेवतात, आग लागली तर म्हणून. गॅप पडली तर तोही हव्या त्या भावाला मिळत नाही, हे त्यांनी आपणहून कबूल केलं. असा कबुलीजबाब देणाऱ्या माणसाशी वाद तरी काय घालायचा?

ब्रोकरच्या ॲपमध्ये ‘आठवडा बंद झाल्यावर विका’ अशी ऑर्डर नसते. GTT सुद्धा भाव शिवला की सुटते. म्हणून काका आठवड्याच्या चार्टवर `Once Per Bar Close` असा अलर्ट लावतात आणि शुक्रवारी तीन वाजून वीस मिनिटांनी स्वतः एकदा बघतात. तुम्ही `Once Per Minute` लावा, घर जागतं राहतं.

परवाच्या शुक्रवारी मी मुद्दाम त्यांच्याकडे गेलो. त्यांचा एक शेअर पातळीच्या दोन रुपये खाली होता. मी म्हटलं, “विका!” ते म्हणाले, शेवटच्या अर्ध्या तासाच्या सरासरीवर बंद भाव ठरतो, दोन रुपये इकडचे तिकडे व्हायचे, अर्धा टक्का खाली नसेल तर मी पातळी तुटली असं धरत नाही, पुढच्या शुक्रवारी बघू. आणि पिशवी घेऊन भाजी आणायला निघाले.

पुढच्या शुक्रवारी! मधे 375 कॅन्डल आहेत, काका.