मामा, बॅलन्स झालं का?

भाचा इंजिनियरिंगच्या फर्स्ट इयरला आहे आणि सर्किटचा होमवर्क घेऊन आमच्याकडे आला, कारण ताईनं सांगून ठेवलंय की मामाला येतं सगळं. मामाला येत होतं, वीस वर्षांपूर्वी. त्यात रात्री इंदूरच्या सराफ्याला गराडू खायला जायचं ठरलेलं, ते होमवर्क झाल्यावरच.

गणित तसं साधं. 12 व्होल्टची बॅटरी, तिच्या पुढे 2 ओहम, मग दोन फाटे, एकात 6 ओहम, दुसऱ्यात 3. पोरानं लिहिलेलं, 2 ओहममधून 3 अँपिअर, मग 6 मधून 2 आणि 3 मधून 1. मी ऐटीत म्हटलं, फाटे फुटतात त्या नोडला येतात 3, जातात 2 अन् 1, म्हणजे बरोबर, चल चप्पल घाल!

बायको कांदा चिरता चिरता म्हणाली, "अहो, मोठ्या रेझिस्टन्समधून जास्त करंट कसा काय हो जातो?"

चप्पल काढली. नोडला बेरीज जुळते, पण फाट्यांतले आकडे अदलाबदल झाले तरी ती जुळतेच, तिला काय कळतंय कुठला करंट कुठल्या गल्लीतला! मग लूप फिरलो, बॅटरीपासून 6 च्या फाट्यातून परत बॅटरीपर्यंत व्होल्ट मोजत. 2 ओहमवर 6 व्होल्ट, 6 ओहमवर 2 अँपिअर म्हणजे 12, झाले 18, आणि बॅटरी बिचारी 12 चीच. वरचे 6 काय शेजाऱ्यांनी दिले? पॉवर पण काढली, बॅटरी देतेय 36 वॅट आणि रेझिस्टन्स मिळून खातायत 45, म्हणजे आमच्या घरखर्चासारखंच.

अदलाबदल केली, 6 मधून 1, 3 मधून 2. दोन्ही फाट्यांवर 6-6 व्होल्ट, लूप 12 ला 12, पॉवर 18 अधिक 6 अधिक 12, बरोब्बर 36. मला इतका आनंद झाला की पोराला ऐकवलं, किरचॉफनं हे नोडचे अन् लूपचे नियम 1845 मध्ये मांडले तेव्हा तो 21 वर्षांचा स्टुडंट होता, आणि तू बघ.

पोरानं पुस्तकामागचं उत्तर पाहिलं. 2 ओहममधून आमचे 3, तिथं 2.21 अँपिअर.

परत सगळं तपासलं. नोड जुळतोय, लूप जुळतोय, वॅट जुळतायत, पुस्तकच चुकलं असणार म्हणून मी तावातावात छापणाऱ्याचा उद्धार पण केला. शेवटी बायकोनं कागद ट्यूबलाइटखाली धरला. झेरॉक्समध्ये 8 ची डावी बाजू उडालेली, तो आम्हाला 3 दिसत होता. 6 आणि 8 चे फाटे म्हणजे 3.43 ओहम, वरचे 2 धरून 5.43, आणि 12 भागिले 5.43 म्हणजे 2.21.

तपासण्या सगळ्या खऱ्याच बोलत होत्या, फक्त त्या आम्ही वहीत काढलेल्या सर्किटबद्दल बोलत होत्या. प्रश्न बघून कोण बोलणार?

"मामा," पोरगं म्हणालं, "आपण दुसऱ्याच कुणाचा तरी होमवर्क बरोबर सोडवला."

सराफ्याला पोचायला साडेअकरा वाजले. गराडूच्या तीन प्लेटा झाल्या, दुकानदारानं 4 चे पैसे लावले, आणि आमचं पोरगं तिथंच बोटं मोजत उभं राहिलं.