कळवले आहे

आमच्या हॉटेलच्या लॉग बुकात सगळ्यात जास्त वेळा आलेलं वाक्य म्हणजे 'कळवले आहे'. कोणी कळवलं, कोणाला कळवलं, समोरचा त्यावर काय म्हणाला, काही पत्ता नाही. शाळेत बाईंनी कर्मणी प्रयोग घोटून घेतला होता, त्याचा एवढा उपयोग हॉटेल लाइनमध्ये होईल असं त्यांनाही वाटलं नसेल.

मी पुण्यात रिसेप्शनला नाइट करतो, ११ ते ७. त्या रात्री मी पोचलो तेव्हा दुपारच्या शिफ्टचा भिडू खांद्याला बॅग लावून, अ‍ॅक्टिव्हाची किल्ली बोटावर फिरवत उभा होता. कॅश मोजून दिली, वही पुढे सरकवली, "सगळं लिहिलंय रे" म्हणाला आणि गेला. लिहिलं होतं खरं:

"३०४ – ५.३० वेकअप. पॅक ब्रेकफास्ट, जैन. एसी गळतोय. कळवले आहे."

ही ओळ संध्याकाळी आठची. साडेनऊला एसीचं पाणी थेट उशीवर यायला लागलं, म्हणून ३०४ च्या शहाकाकांना ४१२ मध्ये हलवलं. कॉम्प्युटरमध्ये खोली बदलली, किल्ली बदलली, सामानही वर गेलं. वहीतली ओळ मात्र ३०४ मध्येच राहिली. आम्ही काउंटरवर गेस्टला नावाने कमी आणि नंबराने जास्त ओळखतो, हे आमचं जुनं दुखणं. मी वेकअप शीट भरली ती वही बघूनच.

साडेअकराला मेन्टेनन्सवाल्याने ड्रेन पाइपात अडकलेला कचरा काढला आणि ३०४ मोकळी झाली. दीड वाजता लेट फ्लाइटने एक जोडपं आलं, कडेवर दहा महिन्यांचं बाळ. मी मोठ्या मनाने त्यांना ३०४ दिली. शांत खोली आहे, असंही सांगितलं.

साडेपाचला मी ३०४ ला फोन केला.

आधी बाळ बोललं. मग बाळाचे बाबा बोलले. बाळाचं मी समजू शकतो.

तरी माझी ट्यूब पेटली नाही. कॉम्प्युटरवर ३०४ उघडली, नाव वेगळंच दिसलं, तेव्हा कुठे पोटात गोळा आला. शहा कुठे? नाव टाकून शोधलं तर ४१२. सहा वीसला काका फोनवर आले. त्यांची डेक्कन क्वीन सव्वासातची.

आता ब्रेकफास्ट. किचनला विचारलं तर केओटीच, म्हणजे किचनला जाणारी ऑर्डरची चिठ्ठीच, नव्हती. 'कळवलं' होतं ते रूम सर्व्हिसच्या पोराला, जिन्यावर, तोंडी, आणि तो अकरालाच घरी गेला होता. रात्रीच्या एकट्या कुकने सँडविचचं तयार सारण दाखवलं. बटाटा आणि कांदा. शेवटी काकडी, टोमॅटो, चीज. काकडी मी चिरली. तिला काप म्हणवत नव्हतं, ठोकळे होते.

काका पावणेसातला खाली आले. रिक्षा उभी होती.

"मी काल सांगितलं होतं ना?"

"हो काका."

"मग?"

"कळवलं होतं काका."

"कोणाला?"

या प्रश्नावर दुसऱ्या दिवशी अख्ख्या फ्रंट ऑफिसची मीटिंग झाली. मॅनेजर सरांनी तीच नोंद आम्हाला पुन्हा लिहायला लावली, ती अशी:

"शहा, ४१२ (आधी ३०४). उद्या ५.३० ला उठवणे – नाइट रिसेप्शन. ६.१५ ला पार्सल, जैन, कांदा-लसूण-बटाटा नाही. केओटी काढली, ९.४० ला नाइट कुक फोनवर 'हो' म्हणाला. पार्सल गेस्टच्या हातात पडल्यावरच ओळ खोडणे, सही करणे."

एसीची ओळ वेगळी. कारण तीन कामं एका ओळीत लिहिली की एक झालं तरी तिघांवर फुली पडते. खोली बदलली तर पाहुण्याच्या सगळ्या उघड्या ओळी, वेकअप शीटसकट, त्याच वेळी बदलायच्या. आणि शिफ्ट संपताना जे राहिलं असेल ते पुढच्या पानावर पुन्हा स्वतःच्या हाताने उतरवायचं, 'मागचे पान पहा' चालणार नाही. हा नियम मला सगळ्यात आवडला, कारण एकच गळका नळ तीन दिवस उतरवून काढायचा कंटाळा येतो आणि माणूस स्वतः प्लंबरला धरून आणतो.

सर्वांत छळवादी भाग वाचनाचा. जाणारा मोठ्याने वाचतो, येणारा आपल्या शब्दांत परत सांगतो, तोवर बॅग खांद्याला लावायची नाही. पंधरा मिनिटं जातात. भिडू आता किल्ली खिशात ठेवतो. पाहुण्याने लिफ्टमध्ये बेलबॉयला सांगितलेलं अजूनही हरवतं, कारण ते वहीपर्यंत येतच नाही.

महिन्याभराने शहाकाका परत आले. रात्री अकराला काउंटरवर येऊन म्हणाले, "माझी ओळ वाच."

मी वाचली. नाव, खोली, वेळ, कांदा-लसूण-बटाटा नाही.

"काकडी पण नाही लिही," काका म्हणाले.