"मॅडम, गाडीवरच आहे, बोला ना!"

काल एका कॉलेजात हेल्मेट आणि गाडीवरचा मोबाइल या विषयावर तासभर घसा कोरडा केला. घरी येऊन चप्पल काढतेय तोच आयोजक सरांचा फोन. "मॅडम, फार छान बोललात, मुलं भारावून गेली." मागे हॉर्नचा गोंगाट. विचारलं, सर, कुठे आहात? तर म्हणतात, "गाडीवरच आहे, बोला ना!" मी फोन कट केला. अजून डोकं तापलेलंच आहे.

वर्षानुवर्षं अपघात विभागात नर्स म्हणून काम करतेय. मुलांना मी आकडे सांगत नाही, एका मुलाची गोष्ट सांगते. त्याच्या आईला विचारून आणि नाव न घेता.

एकोणीस वर्षांचा पोरगा, घरापासून पाच मिनिटांवर जात होता. हेल्मेट डोक्यावर होतं, हे आधी लक्षात घ्या. पण डाव्या कानाशी, हेल्मेटच्या गादीत, फोन खोचलेला. फोन मावावा म्हणून पट्टा सोडलेला. वेग जेमतेम चाळीस. बोलता बोलता फोन घसरायला लागला, म्हणून त्याने डावा हात हँडलवरून काढून तो वर ढकलला. एवढ्यात पुढच्या गाडीने ब्रेक मारला. ताशी 40 किलोमीटरला दोन सेकंदांत गाडी 22 मीटर पुढे जाते. त्याने एका हाताने पुढचा ब्रेक करकचून दाबला, चाक वाळूवर सरकलं आणि हा डावीकडे आडवा झाला. डोकं कडेच्या दगडावर आपटायच्या आधीच हेल्मेट निघून गेलं होतं. ते नंतर मी पाहिलं. एक ओरखडा नव्हता त्याच्यावर.

हेल्मेटचं काम वरचं कवच एकटं करत नाही. आतला थर्मोकोलसारखा थर चेपतो आणि डोकं थांबायला किंचित जास्त वेळ मिळतो, म्हणून मेंदू वाचतो. (आणि एकदा चेपलेला तो थर पुन्हा फुगत नाही. पडलेलं हेल्मेट टाकून द्यायचं असतं, धुऊन धाकट्या भावाला द्यायचं नसतं.) पण डोकं त्याच्या आत असेल तर ना!

पोरगा उठून बसला. आधी काय शोधलं? फोन! आईला सांगितलं, "काही नाही, जरासा पडलो." घरी जाऊन झोपला. दोन तासांनी डोकं ठणकायला लागलं, उलटी झाली, हाक मारली तरी नीट उठेना. आमच्याकडे आणला तेव्हा डाव्या डोळ्याची बाहुली उजवीपेक्षा मोठी झाली होती. कानशिलाचं हाड पातळ असतं आणि त्याच्या आतून रक्तवाहिनी जाते. ती फाटली की कवटीच्या आत रक्त साठून मेंदू दाबला जातो. माणूस आधी चालतो, बोलतो, म्हणून सगळे गाफील राहतात. डोक्याला मार लागल्यावर "जरा झोपू दे त्याला" म्हणणाऱ्यांचा मला इतका राग येतो की काय सांगू! आधी दवाखाना गाठा, झोप नंतर. आई मात्र एकच वाक्य घोकत होती, "हेल्मेट घातलं होतं हो त्याने."

ऑपरेशन झालं, पोरगा वाचला. पण कानशिलामागच्या मेंदूलाही मार बसला होता, त्यामुळे त्याला आता शब्द सापडत नाहीत. चमचा हवा असेल तर म्हणतो, "ते... खायचं... ते." मी हे सांगितलं आणि मागच्या दोन रांगा खिदळल्या! एक पठ्ठ्या तर टेबलाखाली फोनवर टाइप करत होता. मी बोलायची थांबले तरी त्याला पत्ता नाही.

मग मी भाषण गुंडाळलं आणि ज्यांच्याकडे हेल्मेट होती त्यांना पुढे बोलावलं. हेल्मेट घाला, पट्टा लावा. हनुवटीखाली दोन बोटं जातील एवढीच ढील. आता मागून खालची कड धरून हेल्मेट पुढे उलटवायचा प्रयत्न करा. एकामागून एक हेल्मेट हातात येत होती. कुणाचा पट्टा गळ्यापर्यंत लोंबतोय, कुणाचं बक्कल तुटलंय, एकाने तर टोचतो म्हणून पट्टाच कापून टाकलेला. वर मलाच विचारतो, "मग ब्लूटूथ चालेल ना?" अरे बाबा, हात मोकळा होईल, पण डोकं त्या भांडणात किंवा लाडीगोडीतच अडकलेलं राहणार ना? गाडी बाजूला घे, थांब, बोल, मग निघ. यात अवघड काय आहे?

हे लिहीपर्यंत त्या सरांचे आणखी दोन मिस्ड कॉल आलेत. घरी पोचल्याचा मेसेज येत नाही तोवर मी उचलणार नाही.